पुढची तपासणी तीन महिन्यांनी

माझं कामच मापं घेण्याचं आहे. आंबीच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी वीस वर्षं तपासणी विभागात आहे. भाग मापात बसला की पुढे, नाही बसला की लाल क्रेटमध्ये. खात्यात नव्यानं जॉइन झालेल्या पोरींना मी पहिल्याच दिवशी सांगते, भाग खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, म्हणून जे काय विचारायचं ते भागाला विचारा. हे सांगताना माणसांमध्ये मी आईला कधी धरलंच नव्हतं.

आई आंबी गावात राहते. एकटी. वडील गेल्याला सहा वर्षं झाली, आणि मी एकुलती एक. मी नवऱ्याबरोबर तळेगावात सोसायटीत राहते. नवरा लोणावळ्याच्या एका हॉटेलात कामाला, तो लोकलनं तिकडे जातो आणि मी स्कूटरवरून इकडे. माझ्या कारखान्याच्या रस्त्यावरच गावाचा फाटा लागतो. फाट्यापासून आईचं घर पाच मिनिटांवर. मी तिथून रोज सकाळी जायचे आणि रोज संध्याकाळी यायचे. वळायचे मात्र सणावाराला, नाहीतर काही काम निघालं तर. ही गोष्ट मी आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी स्वतःची बाजू फार जोरात मांडणार आहे.

आषाढी पौर्णिमेच्या आधी गावच्या विहारात आरोग्य शिबिर झालं. बोटातून रक्त काढलं, मशीननं काहीतरी आकडा दाखवला आणि आईला सांगितलं, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आईनं मला फोन केला. तेव्हा ती घाबरलेली नव्हती, मी घाबरले. माझी आजी, म्हणजे आईची आई, साखरेनंच गेली. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय. मी तेव्हा आठवीत होते. त्या खोलीतला वास मला अजून येतो.

तळेगावात स्टेशनजवळ डॉक्टर मॅडमचा दवाखाना आहे. त्यांनी रीतसर लॅबमधून दोन तपासण्या करून घेतल्या. एक उपाशीपोटी साखर, ती आली एकशे सोळा. दुसरी लोक ज्याला तीन महिन्यांची शुगर म्हणतात ती, एचबीए वन सी. ती आली सहा पूर्णांक दोन.

मॅडम म्हणाल्या, "हा अजून मधुमेह नाही. पण त्याच्या दारात उभ्या आहात तुम्ही, मावशी. तीन महिन्यांची पाच पूर्णांक सातच्या खाली असली की ठीक. साडेसहाला पोचली की मधुमेह. तुम्ही मधे आहात. उपाशीपोटीची शंभरच्या आत हवी, एकशे सव्वीसला मधुमेह धरतात. तिथंही मधेच. इथून परत फिरता येतं."

"फिरायचं कसं?" आई म्हणाली.

"पायांनी," मॅडम म्हणाल्या. रोज निदान अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगानं. अडुसष्ट किलो वजन आहे, त्यातलं चार-पाच किलो उतरवायचं. भात एक वाटी, त्याच्या आधी भाजी आणि उसळ. चहात साखर नाही, गूळही नाही.

गुळाचं ऐकून आईचा चेहरा पडला. तिच्या मते गूळ म्हणजे औषधातच जमा.

मी विचारलं, परत तपासायचं कधी? पंधरा दिवसांनी आणू का? मॅडम हसल्या. "काही उपयोग नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींना साखर चिकटून बसते, आणि पेशी साधारण चार महिने जगते. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचं सांगतो. पंधरा दिवसांनी केलीत तर जुन्या पेशीच जुनं गाऱ्हाणं सांगतील. तीन महिन्यांनी या."

तीन महिने म्हटल्यावर आई खुलली. "म्हंजी वर्षावासच की," ती म्हणाली. आमच्याकडे आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन, त्रिशरण-पंचशील. आई पौर्णिमेला अष्टशील घेते, त्या दिवशी दुपारी बारानंतर अन्नाचा कण तोंडात घालत नाही. आईनं तिथंच ठरवून टाकलं की ह्या वर्षीचा वर्षावास साखरेचा.

मी काय ठरवलं ते सांगते. माझी शिफ्ट आठची. मी सव्वासहाला घर सोडायचं, फाट्यावरून वळायचं आणि आईला घेऊन नदीकडच्या रस्त्यानं चालायचं. एकटी सोडली तर ती दोन घरं ओलांडून तिसऱ्या घरी गप्पा मारत बसेल, अशी माझी खात्री होती. नवऱ्याचा डबा आदल्या रात्रीच भरून ठेवायला लागले. तो म्हणाला, "तुला झेपेल का?" मी म्हटलं, "आजीचा पाय तू पाहिला नाहीस."

आणि मी गेले. रोज. पावसात छत्री धरून, भाताच्या खाचरांच्या कडेनं. आई आधी दर शंभर पावलांनी थांबायची. "आगं बाय, हळू. माझ्या मागं काय वाघ लागलाय?" महिन्याभरात उलटं झालं. ती पुढे आणि मी मागे. चालता चालता तिनं मला इतकं काही सांगितलं की आधीच्या वीस वर्षांत सांगितलं नसेल. लग्नाआधी ती भाताच्या लावणीला जायची त्या बांधावर तिनं मला नेलं. वडिलांनी तिला पहिल्यांदा कुठं पाहिलं ती जागा दाखवली, तिथं आता एका कंपनीचं गेट आहे. मी ऐकत होते, पण खरं सांगते, माझं निम्मं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे असायचं. तीस मिनिटं भरली की मी वळायचे.

जेवणातही तिनं कसूर केली नाही. इंद्रायणीचा भात म्हणजे मावळातल्या माणसाचा जीव. शिजायला लागला की वास पार ओटीपर्यंत येतो. तो ती एकच वाटी घ्यायची, आणि वाटीसुद्धा माझ्यासमोर ठेवून, चेपून न भरता. अश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली, विहारात खीरदान झालं, तेव्हा तिनं एक चमचा खीर जिभेवर ठेवली आणि द्रोण शेजारणीच्या पोरीला दिला.

मधे मी एक शहाणपणा केला. बोटातून रक्त काढायचं मशीन विकत आणलं आणि रोज सकाळी आईचं बोट टोचायला लागले. एकशे चार. एकशे एकोणीस. अठ्ठ्याण्णव. एकशे बारा. एकशे एकोणीस आला की मी तिच्यावर ओरडायचे, काल काय खाल्लंस? ती आठवून आठवून सांगायची, दोडका, मटकी, भाकरी. मी ते वहीत लिहायचे. शेवटी वही घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी वही मिटून परत दिली.

"तुम्ही कारखान्यात मापं घेता ना? मग ह्या मशीनच्या मापात शंभरामागे पंधरा इकडे-तिकडे होऊ शकतं हे तुम्हाला मी सांगायला हवं? ह्या टप्प्यावर रोज टोचायची गरज नाही. मावशींचं बोट दुखतंय आणि तुमचं डोकं."

मला राग आला, कारण बाई बरोबर बोलत होत्या. मशीन कपाटात गेलं.

अश्विन पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी तपासणी केली. उपाशीपोटी एकशे सात. तीन महिन्यांची पाच पूर्णांक नऊ. वजन साडेपासष्ट. मी रिपोर्टकडे बघत बसले. तीन महिने पहाटे उठून, भिजून, नवऱ्याला गार डबा देऊन, तीन दशांश?

मॅडमना मात्र आनंद झाला होता. "तीन दशांश कमी वाटतंय का? एखाद्या दशांशाचा फरक नुसत्या मशीनचा असू शकतो. तीन म्हणजे खरंच उतरलंय. शिवाय एकच आकडा बघू नका. उपाशीपोटीची नऊनं उतरली, वजन अडीच किलोनं, कंबर दोन इंचांनी. सगळं एकाच दिशेला चाललंय. सुधारणा अशीच दिसते. एका रात्रीत उतरली असती तर मीच संशय घेतला असता."

मग त्यांनी पुढचं सांगितलं, आणि ते मला तेव्हा फार साधं वाटलं. "आता परत तीन महिन्यांनी. तेव्हा आवाक्यात आली तर मग घाई नाही. वर्षातनं एकदा केली तरी चालेल."

मी म्हटलं, "सुटलो म्हणजे."

स्कूटरवर माझ्या मागे बसून येताना आईनं एवढंच विचारलं, "वर्सातनं एकदा म्हंजी मग तुला सकाळी यायाचं काम न्हाई ऱ्हानार?" मी म्हटलं, "तेच तर. एवढे तीन महिने काढ." मला वाटलं होतं, मी तिला धीर देतेय.

पौष महिन्यात तिसरी तपासणी. थंडी कडाक्याची. मी साडेसहाला आईला घ्यायला गेले, ती शाल गुंडाळून उंबऱ्यातच उभी होती. मी विचारलं, काही खाल्लं-प्यायलं नाहीस ना? "न्हाई गं. पानीबी न्हाई." लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या मुलीनं पुन्हा विचारलं, मावशी, उपाशी आहात ना? "व्हय तर," आई म्हणाली. तिनं हे माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं.

संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला. मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये उभी राहून उघडला. तीन महिन्यांची पाच पूर्णांक सहा. मी तिथंच "झालं!" म्हणून ओरडले, सिक्युरिटीवाल्यानं वळून बघितलं. मग खालची ओळ वाचली. उपाशीपोटी एकशे चौतीस.

एकशे चौतीस. म्हणजे मधुमेहात. मला क्षणभर आजीच्या त्या खोलीतला वास आला.

मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी थेट लॅबमध्ये गेले आणि त्या मुलीला चार माणसांसमोर झापलं. तुमची मशीनं कॅलिब्रेट करता की नाही? नमुने बदलले असतील. एकाच रक्ताचे दोन आकडे असे दोन तोंडांनी कसे बोलतात? ती पोरगी शांत होती. म्हणाली, "ताई, मशीन सकाळी तपासलेलं आहे. मावशी खरंच उपाशी होत्या का, एकदा विचारून बघता का?"

"माझी आई," मी म्हटलं, "पौर्णिमेला दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत अन्नाला शिवत नाही. रोज पंचशील म्हणते. तिला उपाशी राहायला तुम्ही शिकवणार?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघितले. आईला बाहेर बसवलं होतं. "हे जुळत नाहीत," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांची फसवी येऊ शकते. रक्त कमी असलं, नुकतं रक्त गेलं किंवा दिलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, तर." त्यांनी आईचं हिमोग्लोबिन करून घेतलं होतं, ते बारा पूर्णांक चार होतं. गोळ्या नव्हत्या, रक्तदान नव्हतं. "मग उपाशीपोटीचीच परत करू. एका आकड्यावर कोणालाही मधुमेही ठरवत नाहीत. जो आकडा खटकतो तो पुन्हा बघायचा. परवा सकाळी. आठ तास पोटात काही नको, पाणी चालेल."

मी तपासणी विभागातली बाई. आकडा खटकला की नुसता भाग परत मोजून भागत नाही, तो कोणी कसा धरला हेही बघावं लागतं. परवाच्या दिवशी मी साडेसहाऐवजी पावणेसहाला गेले. न सांगता.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा. आई ओट्याशी पाटावर बसली होती. पुढ्यात बशी, बशीत चहा, हातात बटर. चहाला गुळाचा वास होता. तिनं बटर बुडवलं, तोंडात घातलं, आणि मग मान वर केली.

बटराचा तुकडा बशीत पडला.

"हे काय आहे?" मी म्हटलं.

तिनं बशीतला तुकडा बोटानं बाहेर काढला.

"त्या दिवशीही हेच केलंस? मला सांगितलंस पाणी पण नाही. त्या पोरीला सांगितलंस. मी तिच्या अंगावर धावून गेले, तुझ्यासाठी! तुझ्या खरेपणाची ग्वाही देऊन आले मी चार माणसांत!" मी ओरडत होते. सहा महिने माझ्या डोळ्यांसमोरून जात होते. ती पहाट, ती छत्री, गार डबे. "आजीसारखं व्हायचंय तुला? पाय कापून घ्यायचाय? का केलंस?"

आई उठली. बशी उचलून मोरीत ओतली, बशी विसळली, पालथी घातली. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "डाक्टरीन म्हनली न्हवं, आवाक्यात आली की वर्सातनं एकदा."

"हो. मग?"

"मग तू वर्सातनं एकदा येनार."

ती माझ्याकडे वळली. "तुज्या वाटंवर माजं घर हाय. पोरी, मी रोज तुजी गाडी ऐकती. फाट्यावरनं तू जाती तवा मला हितं ओट्याशी कळतं. सहा वर्सं ऐकली. एकदाबी हॉर्न न्हाई वाजवला. आन् कागदावर दोन आकडं वाढलं तर तू पावसात भिजत आलीस. मग मला काय वाटंल? म्हनलं, थोडी ऱ्हाऊ दे साखर. लय न्हाई. थोडी."

"आणि तीन महिन्यांचा आकडा?"

"तो काय, मला वाटलं सकाळचाच मोजत्यात सगळं. रगात तर एकदाच काढत्यात."

म्हणजे तिचा डाव फसला होता तो ह्यामुळे. सहा महिने तिनं खरोखर नेमानं पाळलं होतं, कारण ते माझ्यासोबत होतं. आणि एका सकाळी चहा पिऊन ते सगळं पुसता येईल असं तिला वाटलं. पेशींनी काही ऐकलं नाही. एका चहानं तीन महिन्यांचा आकडा हलत नाही.

मला तेव्हा दया आली का? नाही. मला फसवल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं आजही पूर्ण गेलेलं नाही. मी तिच्यासाठी आले होते आणि ती माझ्या येण्याला पकडून ठेवत होती, माझ्या भीतीची दोरी करून. आजीचा पाय मला आठवतो हे तिला ठाऊक होतं. शील घेणारी माझी आई चौथं शील, खोटं न बोलण्याचं, माझ्यावरच मोडून बसली होती. मी तिला हेही म्हटलं. ती म्हणाली, "व्हय, मोडलं." एवढंच. माफी मागितली नाही.

पण रागाच्या खाली एक गोष्ट होती, ती मला तेव्हाच दिसली होती. फसवल्यासारखं तिला माझ्या आधी वाटलं होतं. मी साखरेला भेटायला येत होते आणि ती समजत होती, मी तिला भेटायला येतेय.

त्या दिवशी चाचणी झाली नाही. तिसऱ्या दिवशीच्या चाचणीसाठी मी आदल्या संध्याकाळीच जाऊन राहिले. सकाळी आईला घेऊन गेले, लॅबमधल्या मुलीची सर्वांसमोर माफी मागितली. उपाशीपोटी आली शहाण्णव.

मॅडमना मी काही सांगितलं नाही. "त्या दिवशी चहा झाला होता," एवढंच म्हटलं. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि रिपोर्ट पुढे ओढला. "दोन्ही छान. पण हे कायमचं गेलं असं समजायचं नाही. चालणं सोडलं, वजन वाढलं की परत वर येते. वर्षानं तपासणी. मधे खूप तहान लागली, लघवी वाढली, वजन विनाकारण उतरलं तर वाट बघू नका." चिठ्ठीवर लिहिलं, पुढची तपासणी एक वर्षानं. आईनं चिठ्ठी बघितली नाही.

स्कूटरवर बसताना मी म्हटलं, "मी रोज येणार. आकडा काही का असेना." मनापासून म्हटलं. आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, बसताना तोल जाऊ नये म्हणून ठेवतात तसा.

मी आले. माघ पौर्णिमेपर्यंत रोज आले. मग कारखान्यात नवी लाइन सुरू झाली आणि माझी शिफ्ट सातची झाली. मग आठवड्यातून दोनदा. मग रविवारी. मग एका रविवारी सासूबाई आल्या, एका रविवारी लोणावळ्याला नवऱ्याच्या हॉटेलवाल्यांकडचं लग्न निघालं. पुढच्या आषाढात फोन केला तर आई म्हणाली, "मी चालती की रोज, तू नगं काळजी करू." मला ते ऐकायचंच होतं, म्हणून मी ते ऐकलं. फाट्यावर मात्र मी हॉर्न वाजवायला लागले होते. रोज, दोन्ही वेळा. मला वाटायचं, हे बरंच आहे.

वर्षानं, परत पौषात, तपासणी. ह्या वेळी मी आधीच्या संध्याकाळीच जाऊन राहिले होते. रात्री आठला जेवली त्यानंतर तिनं सकाळपर्यंत काही घेतलं नाही. मी बघत होते.

उपाशीपोटी एकशे तेरा. तीन महिन्यांची सहा पूर्णांक एक. वजन सदुसष्ट.

मॅडमनी दोन्ही आकडे बघितले. "ह्या वेळी जुळतायत," त्या म्हणाल्या. मग आईकडे वळून, "मावशी, चालणं थांबलं का?"

मी खुर्चीत बसले होते. मला उत्तर माहीत होतं. दोन घरं ओलांडून तिसऱ्या घरीसुद्धा ती जात नव्हती. ती ओट्याशी बसून हॉर्न ऐकत होती.

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. सरळ मॅडमच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "न्हाई वो. रोज चालतो आमी दोगी. ही येती की सकाळी. एक दिवस चुकवत न्हाई."

मॅडमनी मान हलवली आणि चिठ्ठीवर लिहिलं, पुढची तपासणी तीन महिन्यांनी. आईनं ते वाचून घेतलं. चिठ्ठीची चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवली, आणि माझ्या आधी उठून दाराकडे गेली.